लायसन्स कुणासाठी, किती आणि कधीपर्यंत

16 फेब्रुवारी 2017 रोजी लंडनच्या न्यायालयात न्या. फिनोला ओ'फॅरेल यांनी एक निकाल दिला. वादी होती एसएपीची ब्रिटनमधली कंपनी. मोठ्या उद्योगांचे हिशेब, मालसाठा आणि ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर ती विकते. प्रतिवादी होती डिआजिओ ग्रेट ब्रिटन. जॉनी वॉकर, स्मरनॉफ आणि गिनेस ही मद्यं ज्या उद्योगसमूहाची, त्यातलीच ही कंपनी. दोघांमध्ये 2004 पासून लायसन्सचा करार होता आणि डिआजिओ त्याचे पैसे नियमित भरत होती.

पूर्वी डिआजिओचे ग्राहक फोन करून माल मागवायचे. कॉल सेंटरमधला माणूस ती मागणी एसएपीमध्ये नोंदवायचा आणि त्याच्या नावाचं लायसन्स घेतलेलं असायचं. पुढे कंपनीने सेल्सफोर्सच्या मंचावर दोन नव्या प्रणाली उभ्या केल्या. एक फिरतीवरच्या विक्री प्रतिनिधींसाठी होती. दुसरीचं नाव 'कनेक्ट'. तिच्यावर ग्राहक स्वतःच मागणी नोंदवू शकत. या दोन्ही प्रणाली मागच्या बाजूने एसएपीशी माहितीची देवाणघेवाण करत. डिआजिओचं म्हणणं असं, की आमचा ग्राहक एसएपीचा पडदा बघतसुद्धा नाही, आणि दोन प्रणाली जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे पैसे आम्ही वेगळे भरले आहेत. न्यायालयाने करारातली व्याख्या वाचली. एसएपीमध्ये थेट किंवा आडमार्गाने प्रवेश करणारा माणूस 'नामनिर्देशित वापरकर्ता' असला पाहिजे, असं तिथे होतं. 'कनेक्ट'वरून मागणी नोंदवणारा ग्राहक आडमार्गाने आत येत होता, म्हणून जादा फी देणं लागतं, असं ठरलं. एसएपीने मागितलेली जादा रक्कम होती जवळपास 5 कोटी 45 लाख पौंड. नेमकी किती द्यायची हे त्या निकालाने ठरवलं नाही, पण देणं लागतं एवढं नक्की केलं.

किती लायसन्स विकत घेतली, यावर या खटल्याचा मुख्य वाद नव्हता. वापरकर्ता म्हणायचं कुणाला, यावर होता. मी सॉफ्टवेअरच्या करारांचे गोषवारे काढण्याचं काम करते आणि या कामाची शिस्त मला या निकालातून सगळ्यात स्पष्ट दिसते. आयटी मॅनेजरला चार गोष्टी हव्या असतात: सीट किती, रिन्यूअल कधी, ऑडिटचा हक्क कुणाला आणि कसा, आणि वापरावर मर्यादा कोणत्या. या चारही गोष्टी आकड्यांत सांगता येतात. पण तो आकडा कशाचा हे त्याच्या शेजारी लिहिलेलं नसेल, तर गोषवारा नसलेला बरा, कारण लोक त्यावर विश्वास ठेवून चालतात.

एक करार घेऊन हे करून पाहू. करार कल्पित आहे, पण त्यातली कलमं रोज समोर येणाऱ्या कलमांसारखीच आहेत. चाकणच्या एका कारखान्यात 620 माणसं कामाला आहेत. विकलेल्या यंत्रांच्या तक्रारी, दुरुस्तीच्या नोंदी आणि त्यांची कागदपत्रं सांभाळण्यासाठी कंपनीने इंटरनेटवरून वापरायचं एक सॉफ्टवेअर घेतलं आहे. 250 सीट, दर सीटला महिना 900 रुपये, मुदत तीन वर्षं.

पहिला प्रश्न येतो तो 'करार' म्हणून नेमके कोणते कागद हातात घ्यायचे हा. आयटी विभागाकडे सहसा ऑर्डर फॉर्म असतो, कारण बिल त्यावरून निघतं. तो दोन-तीन पानांचा असतो. मुख्य करार कंपनीच्या कायदा विभागाकडे किंवा सेक्रेटरींच्या कपाटात असतो. त्यात तीस-चाळीस पानं कलमं असतात. मधल्या काळात झालेली एखादी पुरवणी कुणाच्या तरी ई-मेलमध्ये पडलेली असते. चौथा कागद हा खरं तर कागदच नसतो. ऑर्डर फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक वेबपत्ता दिलेला असतो आणि 'सेवेच्या अटी तिथे वेळोवेळी प्रसिद्ध होतील त्याप्रमाणे' असं वाक्य असतं. वापराच्या मर्यादा बहुतेक वेळा तिथेच असतात. तो मजकूर विक्रेता बदलू शकतो. म्हणून सही झाली त्या दिवशीची प्रत उतरवून ठेवली आहे का, हे मी सगळ्यात आधी विचारते. नसेल तर त्या दिवशी कंपनीने कशाला होकार दिला, हे नंतर दाखवणं फार अवघड जातं.

या कागदांत एकमेकांविरुद्ध मजकूर असला तर कुणाचं खरं मानायचं, हे सांगणारं कलम मुख्य करारात असतं. साधारणपणे ऑर्डर फॉर्म वरचढ असतो, पण 'फक्त किंमत आणि संख्या यांपुरता' अशी अट त्याला असू शकते. आपल्या करारात ती आहे. म्हणजे ऑर्डर फॉर्मवर विक्री प्रतिनिधीने 'डीलर पोर्टलसह' असं हाताने लिहून दिलं असलं, तरी डीलरना वापराची परवानगी मिळाली असं धरता येत नाही. गोषवाऱ्याच्या डोक्यावर हे चारही दस्तऐवज, त्यांच्या तारखा आणि त्यांचा क्रम लिहूनच मी पुढे जाते.

आता सीट. ऑर्डर फॉर्म म्हणतो 250 नामनिर्देशित वापरकर्ते. मुख्य कराराच्या व्याख्यांच्या कलमात वापरकर्ता म्हणजे 'सेवेत थेट किंवा दुसऱ्या प्रणालीमार्फत प्रवेश करण्याची मुभा असलेली प्रत्येक व्यक्ती, ती प्रत्यक्ष वापर करो वा न करो'. या एका वाक्यात मोजणीचे तीन नियम आहेत. खाती मोजायची नाहीत, माणसं मोजायची. मुभा आहे त्याला मोजायचं, मग त्याने सहा महिन्यांत एकदाही आत पाऊल टाकलेलं नसलं तरी. आणि दुसऱ्या प्रणालीतून येणाराही त्यात धरायचा.

सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडमिन पानावर आयटी मॅनेजरला 231 खाती चालू दिसतात. 250 मधून 231 गेले, 19 सीट शिल्लक, असा त्याचा समज होतो आणि तो अगदी स्वाभाविक आहे. पण व्याख्येने मोजलं की चित्र बदलतं. 231 पैकी 12 खाती नोकरी सोडून गेलेल्यांची आहेत. ती बंद केली की 219 उरतात. त्यातली चार खाती शॉप फ्लोअरवरच्या टर्मिनलची आहेत. तीन पाळ्यांमधले मिळून 22 कामगार त्याच चार नावांनी आत जातात. चार वजा करून 22 मिळवले की 237 झाले. त्यानंतर येतं डीलर पोर्टल. कंपनीने ते स्वतः बनवून घेतलं आहे. डीलरांकडची 38 माणसं तिथे तक्रार नोंदवतात आणि ती तक्रार आपोआप या सॉफ्टवेअरमध्ये जाते. त्या 38 जणांनी मूळ सॉफ्टवेअरचा पडदा कधी पाहिलेला नाही. तरीही ते 'दुसऱ्या प्रणालीमार्फत' आत येतात. 237 अधिक 38 म्हणजे 275. शिल्लक 19 सीटच्या जागी 25 सीटचा तुटवडा निघाला.

गोषवाऱ्यात या ठिकाणी '250' एवढंच लिहिलं असतं, तर आयटी मॅनेजरने ते 231 शी ताडून पाहिलं असतं आणि निश्चिंत झाला असता. म्हणून सीटच्या ओळीत आकड्यामागोमाग व्याख्येचे मूळ शब्द जसेच्या तसे, कलमाचा क्रमांक आणि 'मोजताना पोर्टल व सामायिक लॉगिन धरावेत' अशी सूचना येते. माणूस बदलला तर त्याची सीट दुसऱ्याला देता येते का, हेही तिथेच लिहायचं. काही करारांत ते केव्हाही करता येतं, काहींमध्ये एकदा दिलेली सीट 90 दिवस हलवता येत नाही. आपल्या करारात याबद्दल एक शब्दही नाही. अशा वेळी मी रकाना रिकामा सोडत नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ 'शोधलंच नाही' असाही होऊ शकतो. मी लिहिते: 'चारही दस्तऐवज पाहिले, उल्लेख नाही, विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा'.

सीट या शब्दाखाली दर वेळी वापरणारी माणसंच मोजली जातात असंही नाही. काही ठिकाणी एका वेळी आत असलेल्यांची कमाल संख्या मोजतात, काही ठिकाणी यंत्रं, तर काही ठिकाणी प्रोसेसरमधले कोअर. ओरॅकलने जानेवारी 2023 मध्ये जावा या सॉफ्टवेअरच्या वर्गणीसाठी जे माप आणलं, त्यात कंपनीतले सगळे कर्मचारी मोजायचे असतात. पूर्णवेळ, अर्धवेळ, हंगामी, आणि कंपनीच्या अंतर्गत कामाला हातभार लावणाऱ्या कंत्राटदारांची व सल्लागारांची माणसंसुद्धा. जावा प्रत्यक्ष कितीजण वापरतात, याचा त्या मोजणीशी संबंध नाही. आपल्या कारखान्याने ती वर्गणी घेतली, तर हिशेब 620 पासून सुरू होईल आणि त्यात कॉन्ट्रॅक्टवरची माणसं वाढतील. ही मोजणी करायला आयटी विभागाचं कुठलंही साधन पुरत नाही. ती एचआरकडून घ्यावी लागते. आकडा कुठल्या खात्याकडून मिळणार हे गोषवाऱ्यात लिहिलेलं असलं, की धावपळ वाचते.

रिन्यूअलचं कलम वाचायला सोपं वाटतं आणि पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात. या करारात तीन तारखा आहेत. सह्या 28 जून 2023 रोजी झाल्या. ऑर्डर फॉर्मवर वर्गणीची सुरुवात 15 जुलै 2023 आहे. सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामाला लागलं 1 ऑक्टोबर 2023 रोजी. कारखान्यात सगळ्यांना आठवते ती तिसरी तारीख, कारण त्या दिवशी नारळ फुटला आणि पेढे वाटले गेले. करार मात्र मधल्या तारखेने चालतो. तीन वर्षांची मुदत 14 जुलै 2026 रोजी संपते. त्यापुढे 'मुदत संपण्याच्या किमान 90 दिवस आधी कोणत्याही पक्षाने लेखी नकार कळवला नाही, तर करार आपोआप आणखी बारा महिने वाढेल' असं कलम आहे.

14 जुलैपासून मागे 90 दिवस मोजले की 15 एप्रिल 2026 येतो. ऑक्टोबरची तारीख डोक्यात धरून हिशेब करणाऱ्याला वाटेल की आपल्याकडे 2 जुलैपर्यंत वेळ आहे. तोपर्यंत खरी मुदत उलटून 78 दिवस झालेले असतील आणि पुढचं वर्ष गळ्यात पडलेलं असेल.

15 एप्रिल ही तारीखसुद्धा गोषवाऱ्यात ठळक लिहायची तारीख नाही. नकार कसा कळवायचा हे मुख्य कराराच्या शेवटी, नोटिशीच्या कलमात आहे. तिथे म्हटलं आहे की नुसता ई-मेल चालणार नाही. पत्र कुरिअरने विक्रेत्याच्या नोंदणीकृत पत्त्यावर जायला हवं, आणि पाठवल्यानंतर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते पोहोचलं असं धरलं जाईल. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या कामकाजाच्या दिवसांत धरलेल्या नाहीत. शुक्रवार 10 एप्रिलला पत्र टाकलं असं समजा. सोमवार 13 हा पहिला दिवस. मंगळवारी 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी. बुधवार 15 हा दुसरा, गुरुवार 16 हा तिसरा. म्हणजे एका दिवसाने उशीर झाला. पत्र गुरुवार 9 एप्रिललाच निघायला हवं. त्यातही '90 दिवस' मोजताना पहिला आणि शेवटचा दिवस धरायचा की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून मी गोषवाऱ्यात लिहीन: पत्र सोमवारी 6 एप्रिलला रवाना, ठेवायचं की सोडायचं याचा निर्णय 16 मार्चपर्यंत. शिवाय नवं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होत असल्याने पुढच्या वर्षाचा आकडा अंदाजपत्रकात त्याआधीच जायला हवा. म्हणजे विक्रेत्याशी बोलणी जानेवारीतच सुरू करावी लागतात.

या बोलण्यांना वजन का येतं, ते पुढच्या वाक्यात कळतं. 'वाढीव मुदतीसाठी त्या वेळचा प्रचलित दर लागू राहील.' ऑर्डर फॉर्मवर मूळ दर महिना 1,500 रुपये आहे आणि 40 टक्के सूट देऊन तो 900 केला आहे. ती सूट पहिल्या मुदतीपुरती आहे, असं ऑर्डर फॉर्मवर तारकाचिन्हासमोर लिहिलं आहे. 250 सीटचे वर्षाला 27 लाख रुपये होतात. मूळ दर तोच राहिला आणि सूट तेवढी गेली, तर 45 लाख. जीएसटी वेगळा. एक पत्र वेळेत न गेल्याने एका वर्षात पडणारा हा 18 लाखांचा फरक आहे. तो आकडा मी तारखेच्या शेजारीच लिहिते. निव्वळ तारीख पाहून वरिष्ठांकडून निर्णय लवकर येत नाही, रक्कम पाहून येतो.

ऑडिटच्या कलमाचं नाव काढलं की आयटी विभागात अस्वस्थता पसरते, आणि त्याचं बरंचसं कारण ते कलम कुणी नीट वाचलेलं नसतं हे आहे. आपल्याला काय करावंच लागेल आणि काय करायला आपण बांधील नाही, हे दोन्ही त्याच कलमात असतं. ओरॅकलच्या नेहमीच्या मुख्य करारात 45 दिवसांची लेखी सूचना देऊन ऑडिट करण्याचा हक्क राखलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या ग्राहकांसाठीच्या करारात ही सूचना 30 दिवसांची असते. परवान्याबाहेरचा वापर 5 टक्के किंवा त्याहून जास्त निघाला, तर ऑडिटचा खर्च ग्राहकाने द्यायचा आणि कमी पडलेली लायसन्स 125 टक्के दराने घ्यायची, अशीही अट त्यात असते.

आपल्या करारातलं कलम याच घडणीचं आहे. 30 दिवसांची लेखी सूचना, बारा महिन्यांतून एकदाच, कामाच्या वेळेत, गोपनीयतेचं बंधन असलेल्या लेखापरीक्षकाकडून. तुटवडा 5 टक्क्यांहून जास्त असेल तर ऑडिटचा खर्च ग्राहकाचा आणि जादा सीटची आकारणी, वापर सुरू झाला तेव्हापासून, सूट न धरता. आपला तुटवडा 250 वर 25, म्हणजे 10 टक्के आहे. डीलर पोर्टल सुरू होऊन 18 महिने झाले असतील, तर 25 सीट, 1,500 रुपये, 18 महिने मिळून 6 लाख 75 हजार रुपये होतात. हेच सीट वेळीच सवलतीच्या दराने घेतले असते तर 4 लाख 5 हजारांत भागलं असतं. वर ऑडिटरची फी आहेच.

गोषवाऱ्यात या कलमातून काढायच्या दोन गोष्टी नेहमी राहून जातात. एक म्हणजे हा हक्क कधी संपतो. मुख्य कराराच्या शेवटाकडे, करार संपल्यानंतरही कोणती कलमं लागू राहतील याची यादी असते. आपल्या करारात ऑडिटचं कलम त्या यादीत आहे, दोन वर्षांसाठी. म्हणजे सॉफ्टवेअर 2026 मध्ये सोडलं तरी 14 जुलै 2028 पर्यंत वापराच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतील. ज्या आयटी विभागाच्या लॉग फाइली दर सहा महिन्यांनी आपोआप पुसल्या जातात, तिथे ही ओळ गोषवाऱ्यात नसेल तर आपली बाजू मांडायला पुरावाच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑडिटरला नेमकं काय द्यायचं. आपल्या सर्व्हरवर त्यांची स्क्रिप्ट चालवू द्यायला आपण बांधील आहोत का, की आपण स्वतः काढलेला अहवाल पुरेसा आहे? आपल्या कलमात 'वाजवी सहकार्य' एवढंच आहे, स्क्रिप्टचा उल्लेख नाही. ही गोष्ट शब्दशः नोंदवायला हवी, कारण ऑडिटच्या दिवशी घाईत बरंच काही देऊन टाकलं जातं. विक्रेत्याच्या विक्री विभागाकडून 'तुमच्या लायसन्सचा आढावा घेऊ या' अशी गोड ई-मेल आली, तर तीही करारातली ऑडिटची सूचना असेलच असं नाही. सूचना कुणाच्या नावे आणि कुठल्या पत्त्यावर यायला हवी, ते नोटिशीच्या कलमात असतं. ई-मेलला आयटी मॅनेजरने एकट्याने आकडे पाठवून उत्तर देऊ नये, कायदा विभागाकडे द्यावं, ही सूचना मी त्या ओळीखाली हमखास लिहिते.

फौजदारी कायद्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल हे कलम सगळ्यांना माहीत असतं. सीट कमी पडणं हा मुख्यतः करारभंगाचा आणि पैशाचा वाद असतो. पण तुटवडा कळल्यावरही तसंच चालू ठेवणं आणि कळलेलंच नसणं यांत फरक आहे, हे कोणताही वकील सांगेल. म्हणून मोजणीत तुटवडा निघाला तर तो गोषवाऱ्यात टिपून विसरायचा नसतो, त्याच आठवड्यात वर कळवायचा असतो.

राहिल्या वापराच्या मर्यादा. त्या वेबपत्त्यावरच्या अटींत आहेत आणि त्यातली एक अशी: दुसऱ्या प्रणालीकडून येणाऱ्या विनंत्या दिवसाला 50,000 पर्यंत. कागदावर हा आकडा अवाढव्य वाटतो. प्रत्यक्षात डीलर पोर्टल बनवणाऱ्याने प्रत्येक उघड्या तक्रारीची स्थिती दर मिनिटाला विचारून घ्यायची सोय केली आहे. एका तक्रारीमागे दिवसाला 1,440 विनंत्या जातात. 35 तक्रारी उघड्या असल्या की 50,400. मर्यादा ओलांडली. हेच विचारणं पाच मिनिटांवर आणलं तर त्याच 35 तक्रारींसाठी 10,080 विनंत्या पुरतात आणि डीलरला काही फरक पडत नाही. आयटी मॅनेजरच्या हातात असलेला, एका दुपारीत होणारा हा बदल आहे. पण आकडा समोर असेल तरच तो सुचतो.

मर्यादा ओलांडल्यावर काय होतं, हे मर्यादेइतकंच महत्त्वाचं. काही विक्रेते जादा वापराचं बिल लावतात. काही पुढच्या विनंत्या नाकारतात. काही करारांत तो थेट अटीभंग ठरतो. आपल्या अटींत विनंत्या नाकारल्या जातात आणि मोजणी दर दिवशी जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मध्यरात्री नव्याने सुरू होते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे दिवसाची मर्यादा रात्री नऊला संपली, तर रात्रपाळीत पहाटे साडेपाचपर्यंत पोर्टलवरची एकही तक्रार आत जाणार नाही. डीलर म्हणेल सिस्टिम बंद आहे, सर्व्हर तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसेल. रोज पहाटे साडेपाचला आपोआप बरा होणारा हा बिघाड दिसला, की मी आधी करारातली मर्यादा तपासायला सांगते.

दुसरी मर्यादा आकड्यात मावत नाही आणि माझ्या मते या सबंध करारात तीच सगळ्यात गंभीर आहे. 'सेवा ग्राहकाच्या अंतर्गत व्यावसायिक कामासाठीच वापरता येईल. तिऱ्हाइतांना उपलब्ध करून देता येणार नाही.' डीलर हे तिऱ्हाईत आहेत. म्हणजे वर ज्या 38 माणसांसाठी आपण सीट मोजत होतो, त्यांना आत येण्याची मुभा आहे की नाही इथेच प्रश्न आहे. तसं असेल तर 25 सीट आणखी विकत घेऊन काम भागणार नाही. डीलरांना मुभा देणारी पुरवणी सही करून घ्यावी लागेल, आणि ती मागण्याची योग्य वेळ रिन्यूअलच्या बोलण्यांची, म्हणजे जानेवारीची. एप्रिलनंतर ती मागायला गेलात तर विक्रेत्याला सवलत देण्याचं कारण उरलेलं नसतं. सीटची ओळ आणि मर्यादेची ओळ वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी भरली, तर हा विरोध दिसत नाही. म्हणून चारही भाग भरून झाल्यावर एकाच माणसाने ते सलग वाचणं मी आवश्यक मानते. दुसऱ्याने मूळ करार शेजारी ठेवून प्रत्येक आकडा आणि कलम क्रमांक ताडून पाहायचा. तारखा तर दोघांनी स्वतंत्रपणे मोजायच्या आणि मग जुळवायच्या.

या सगळ्यातून आयटी मॅनेजरच्या हातात एक पान पडतं. त्यातली रिन्यूअलची ओळ अशी दिसते: 'मुदत संपते 14 जुलै 2026. नकार पोहोचण्याची शेवटची तारीख 15 एप्रिल 2026. पत्र रवाना 6 एप्रिल, कुरिअरने, नोंदणीकृत पत्त्यावर. निर्णय 16 मार्च. पत्र न गेल्यास बारा महिने वाढ, सूट लागू नाही, अंदाजे वाढ 18 लाख. जबाबदारी: आयटी मॅनेजर, सही: कंपनी सेक्रेटरी. आधार: मुख्य करारातली मुदत आणि नोटिशीची कलमं, ऑर्डर फॉर्मवरची टीप.' प्रत्यक्ष पानावर कलमांचे क्रमांकही असतात. करार न वाचलेला माणूस ही ओळ वाचून काम करू शकतो, आणि शंका आली तर मूळ कलमापर्यंत पोहोचू शकतो. पुरवणी झाली, सीट वाढल्या किंवा विक्रेत्याने वेबवरच्या अटी बदलल्या, की पान पुन्हा तपासून त्यावर नवी तारीख घालायची. तारीख नसलेला गोषवारा जुना आहे असंच समजावं.

तुमच्या कंपनीत असं पान नसेल तर सगळे करार एकदम काढून बसू नका. चालू ऑर्डर फॉर्म काढा, त्यांच्या शेवटच्या तारखा लिहा आणि प्रत्येकीतून नोटिशीचे दिवस वजा करा. जी तारीख सगळ्यात आधी येते, त्या कराराचा गोषवारा पहिला काढा.